"हे तू लिहिलेलं नाहीस"

*माझं लिहिणं बरं आहे म्हणून घरचे आणि मित्रमैत्रिणी अवघड मेसेज माझ्याकडून नीट करून घेतात. धाकट्या भावाच्या जिवलग मित्राचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. "रात्री दहाला येतो, मग तू घरी जा," असं भाऊ त्याला म्हणाला होता आणि घरीच झोपून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने माफीचा मेसेज लिहिला. तो फार ओबडधोबड वाटला म्हणून मी नीट लिहून दिला. मित्राचं उत्तर आलं: "हे तू लिहिलेलं नाहीस. ज्याने लिहिलंय त्याला थँक्यू सांग." तेव्हापासून तो बोलत नाही आणि भाऊ माझ्यावर चिडलाय. पुढच्या वेळी मुद्दाम एकदोन चुका ठेवाव्यात का? की लिहून देणंच बंद करू? दोन्ही मेसेज सोबत पाठवते आहे.*

*– एक ताई*

दोन्ही मेसेज शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ वाचले. तुमच्या परवानगीने इथेही देते, कारण पुढचं सगळं बोलणं त्यांच्यावरच आहे.

भावाने लिहिलेला असा:

"भावा सॉरी. काल झोपलो रे. फोन सायलेंटवर होता. काकांचं कसं आहे आता. मी यायला पायजे होतं माहितेय. तू एकटाच होतास रात्रभर. बोल ना काहीतरी. शिव्या दे पायजे तर."

आणि तुम्ही नीट केलेला असा:

"प्रिय मित्रा, काल रात्री माझ्याकडून घडलेल्या निष्काळजीपणाबद्दल मी तुझी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. अशा कठीण प्रसंगी मी तुझ्यासोबत उपस्थित राहू शकलो नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तुला झालेल्या त्रासाची मी कल्पना करू शकतो. आपली मैत्री माझ्यासाठी अत्यंत मोलाची आहे. भविष्यात असे पुन्हा घडणार नाही, याची मी ग्वाही देतो. काकांच्या प्रकृतीस लवकर आराम पडो, हीच सदिच्छा."

तुम्ही हे मायेने केलंत, यात मला शंका नाही. भावाचं तुटू नये म्हणून केलंत. पण भावाचा मेसेज वाईट होता, हे तुम्ही गृहीत धरलंत आणि मला तिथेच थांबावंसं वाटतं. त्यात तीनचार गोष्टी खरोखर सुधारायला हव्या होत्या, त्यांच्याकडे मी येईनच. पण "तू एकटाच होतास रात्रभर" हे वाक्य बघा. त्या रात्री मित्रावर नेमकं काय गुदरलं हे भावाला कळलंय, त्याचा या पाच-सहा ओळींतला सगळ्यांत मोठा पुरावा ते वाक्य आहे. त्यातला "च" काढून बघा: "तू एकटा होतास." नुसती माहिती उरते. "एकटाच" म्हटलं की हॉस्पिटलच्या बाकावर बसून दर थोड्या वेळाने दाराकडे बघणारा माणूस दिसतो. तुमच्या मेसेजमध्ये हे वाक्यच नाही. त्याच्या जागी "तुला झालेल्या त्रासाची मी कल्पना करू शकतो" आलं. आपल्यापैकी कुणी तोंडाने असं बोलतं का? "काय हालत झाली असेल तुझी" असं म्हणतो आपण. "कल्पना करू शकतो" ही इंग्रजी वाक्याची सावली आहे, आणि ती मराठी मेसेजवर पडली की वाचणाऱ्याला लगेच परकं वाटतं.

आणखी एक बदल आहे, तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. भावाने लिहिलं होतं "झोपलो". तुम्ही लिहिलंत "उपस्थित राहू शकलो नाही". "शकलो नाही" म्हणजे जमलं नाही, काहीतरी आड आलं. पण आड काहीच आलं नव्हतं, तो झोपला होता. भाषा सफाईदार करताना एक खरी कबुली निसटली आणि तिच्या जागी अर्धवट खोटं बसलं. "माझ्याकडून घडलेल्या निष्काळजीपणाबद्दल" याचीही तीच गत. घडतात ते अपघात. "मी झोपलो" यात मी आहे आणि मी केलेली गोष्ट आहे. तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाहीत, हे मला ठाऊक आहे. औपचारिक मराठीची सवयच अशी आहे की ती कर्त्याला वाक्याच्या मागच्या दाराने बाहेर काढते. सूचनाफलकावर ते चालतं. माफीत चालत नाही, कारण माफीत वाचणारा शोधत असतो तो कर्ताच.

मित्राने ओळखलं कसं, हे आता मोजूनच बघू. भावाचा मेसेज २८ शब्दांचा, तुमचा ५६. बरोबर दुप्पट. भावाचं सगळ्यांत लांब वाक्य पाच शब्दांचं आणि तुमचं सगळ्यांत आखूड सहा शब्दांचं. म्हणजे लांबीच्या बाबतीत दोघांचं एकही वाक्य कुठे भेटत नाही. "रे" गेला, "ना" गेला, "भावा"चा "प्रिय मित्रा" झाला. वर्षानुवर्षं "भावा" म्हणणारा माणूस एका रात्रीत "प्रिय मित्रा" म्हणू लागला, तर पुढचं काही वाचायच्या आधीच मित्र सावध होतो. शिवाय तुम्ही "असे पुन्हा घडणार नाही" असं लिहिलंत, "असं" नाही. भाऊ "काकांचं कसं आहे" लिहितो. "असं, केलं, झालं" आणि "असे, केले, झाले" ही मराठीत बोलणं आणि पुस्तकी लिहिणं यांच्यामधली सगळ्यांत ठळक खूण आहे. एका टिंबाने कळतं की समोरचा बोलतोय की मजकूर तयार करतोय. प्रमाणलेखनाच्या नियमांनीसुद्धा पात्रांच्या तोंडी घातलेली भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मोकळीक ठेवली आहे. मित्राला पाठवलेला मेसेज म्हणजे तोंडची भाषाच, फक्त बोटांनी केलेली.

माणूस ओळखला जातो तो अशा बारीक शब्दांवरून, मोठ्या शब्दांवरून क्वचितच. याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७ आणि १७८८ मध्ये "पब्लियस" या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले गेले. लिहिणारे तिघं होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतले बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद फार काळ मिटला नव्हता. विषय एक, बाजू एक, भाषेचा थाटही सारखाच. मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात त्यांनी विचारांकडे न बघता किरकोळ शब्द मोजले होते. "वर" या अर्थाचा "अपॉन" हॅमिल्टन सर्रास वापरायचा, मॅडिसन जवळजवळ वापरतच नसे. "असताना" यासाठी हॅमिल्टन "व्हाइल" लिहायचा, तर मॅडिसन "व्हाइल्स्ट". अशा अनेक शब्दांच्या हिशोबावरून ते बारा निबंध मॅडिसनचे असल्याचं त्यांनी दाखवलं. लिहिताना असे शब्द आपण निवडत नाही, ते आपोआप येतात, म्हणूनच ते आपले असतात. तुमच्या भावाच्या मित्राला काहीच मोजावं लागलं नाही. त्याचा कान इतक्या वर्षांत तयार झालेला आहे.

यातूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मुद्दाम चुका घालू नका. माणसाच्या चुकासुद्धा त्याच्या स्वतःच्या असतात आणि त्या कायम त्याच जागी येतात. तुमचा भाऊ "पायजे" लिहितो आणि दोन्ही वेळा "पायजे"च लिहितो. प्रश्न विचारतो पण प्रश्नचिन्ह देत नाही. स्वल्पविराम त्याच्या गावीही नाही. पण "सायलेंटवर" आणि "रात्रभर" त्याने नीट लिहिलेत. उद्या तुम्ही "दिलगिरी व्यक्त करतो" तसंच ठेवून मध्येच कुठेतरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक पेरलीत, तर ती चूक त्याची वाटणार नाही. दुसऱ्याच माणसाच्या पायात तुमच्या भावाची चप्पल तेवढी घातल्यासारखं होईल. शिवाय त्यात फसवण्याचा हेतू येतो, जो तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये मुळीच नव्हता.

दुसरा प्रश्न, लिहून देणं बंद करावं का. मला तसं वाटत नाही. काही माणसांना खरंच लिहिता येत नाही. रागाच्या किंवा अपराधाच्या भरात तर भल्याभल्यांचे शब्द गोठतात. त्यांना कुणीतरी शेजारी बसायला लागतं. फक्त मेसेज हातात घेऊन तो नव्याने लिहायला बसू नका. आधी त्या माणसाला बोलतं करा. फोन बाजूला ठेवायला सांगा आणि तीनच गोष्टी विचारा: काय झालं, त्याला तेव्हा कसं वाटलं असेल, आता तू काय करणार आहेस. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तुम्हाला दिसेल की लिहिताना अडकणारा माणूस बोलताना अडकत नाही, आणि चांगलं वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडतं.

मग त्याने त्याच माणसाला आधी पाठवलेले दहाबारा मेसेज बघा. अर्थात त्याच्या परवानगीने, आणि त्याला चालतील तेवढेच. सुरुवात कशाने करतो, हाक कशी मारतो, शेवट कसा करतो, एका दमात किती शब्द बोलतो, "ना, रे, तर, बघ, यार" यांपैकी त्याचं ठरलेलं काय आहे, हे पाहिलं की पुरे. सगळ्यांना पाठवलेले मेसेज बघून उपयोग नाही, कारण माणूस आईशी एक बोलतो, मित्राशी दुसरं आणि साहेबांशी तिसरं.

त्यानंतर हात लावा, आणि जिथे वाचणारा अडखळेल किंवा दुखावेल तिथेच लावा. तुमच्या भावाचा मेसेज घेऊन हे करून बघू.

"काल झोपलो रे"च्या पाठोपाठ "फोन सायलेंटवर होता" येतं. ते खरं असेल, पण त्या जागी ते सबब वाटतं. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, "सायलेंटवर का ठेवलास?" म्हणून ते काढते. मित्राने विचारलं तर भाऊ सांगेलच. "बोल ना काहीतरी" यात मित्रावर जबाबदारी टाकली जाते. रात्रभर जागलेल्या माणसाने आता याची समजूतही काढायची का? तेही काढते. "काल झोपलो" यात त्याने शब्द दिला होता ही गोष्ट येत नाही, आणि मित्राला खरं लागलं असेल ते तिथेच. झोप कुणालाही लागते, पण दहाला येतो असं सांगितलेलं होतं. ते आत आणायला हवं. आणि पुढे काय, याबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही. तिसऱ्या प्रश्नाला भाऊ "आज रात्री मी थांबतो" म्हणाला असं धरून चालू. तर मेसेज असा होतो:

"भावा सॉरी. दहाला येतो म्हणालो आणि झोपलो. तू एकटाच होतास रात्रभर. मी यायला पायजे होतं माहितेय. काकांचं कसं आहे आता. आज रात्री मी थांबतो तू झोप. शिव्या दे पायजे तर."

हे ३० शब्द आहेत. दोन वाक्यं गेली, एक बदललं, एक नवीन आलं, थोडा क्रम हलला. "पायजे" तसंच आहे, प्रश्नचिन्ह मी घातलेलं नाही. "शिव्या दे पायजे तर" काढायचा मोह तुम्हाला होईल. तो आवरा. त्या दोघांच्या नात्यात ती मोकळीक आहे आणि मित्राला उत्तर द्यायला सगळ्यांत सोपं दार तेच आहे. तो "देणारच आहे" एवढं लिहील, पण बोलणं सुरू होईल. तुमच्या "हीच सदिच्छा"ला काय उत्तर द्यायचं असतं? तिथे संभाषण संपतं. "काकांचं कसं आहे" या प्रश्नाची तुम्ही सदिच्छा केलीत, म्हणजे उत्तर मागणारं वाक्य काढून उत्तर न मागणारं ठेवलंत. सफाई करताना हे फार वेळा होतं, म्हणून प्रश्न हे प्रश्नच राहिलेत ना, ते शेवटी एकदा तपासत जा.

"आज रात्री मी थांबतो" याबद्दल मात्र सावध राहा. भाऊ तसं म्हणाला असेल तरच ते ठेवायचं. मेसेज पूर्ण वाटावा म्हणून आपण पदरचं वचन किंवा पदरचं दुःख घालायचं नाही. "ग्वाही देतो", "मोलाची आहे" ही वाक्यं भावाच्या मनात होती का, हे तुम्ही त्याला विचारलं होतंत का? मला वाटतं, ती तुमच्या मनातली होती. आणि मेसेजनंतर कधी ना कधी फोन येतोच, भेट होतेच. तिथे भाऊ स्वतःच्या तोंडाने बोलणार. मेसेजमधला माणूस आणि फोनवरचा माणूस वेगळे निघाले की विश्वास जातो, मग मेसेज कितीही सुंदर असो.

पाठवायच्या आधी एक चाचणी करा, ती माझी मीच शिकले आहे. ओळखीच्या एका वयस्कर बाईंनी मला बहिणीला पत्र लिहून द्यायला सांगितलं होतं. दोघी बरीच वर्षं बोलत नव्हत्या. मी मन लावून लिहिलं आणि त्यांना मोठ्याने वाचायला दिलं. "आपल्यातील गैरसमज दूर व्हावेत" इथे त्या थांबल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच थांबल्या. मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?" त्या म्हणाल्या, "तू अजून रागावली आहेस का, एवढंच विचारायचंय गं." आम्ही तेच लिहिलं. जिथे पाठवणाऱ्याची जीभ अडखळते तिथे शब्द तुमचा असतो. तो बदला. दुसरी खूण अशी की ते वाक्य दुसऱ्या कुणाच्याही मेसेजमध्ये जसंच्या तसं बसेल का, हे बघायचं. "आपली मैत्री माझ्यासाठी अत्यंत मोलाची आहे" जगातल्या कुठल्याही मित्राला पाठवता येईल. "दहाला येतो म्हणालो आणि झोपलो" फक्त या मित्रालाच पाठवता येतं.

आणि तयार मजकूर त्याला कॉपी करून देऊ नका. दोनदा वाचू द्या, कागद उलटा ठेवा आणि त्यालाच टाइप करू द्या. जे त्याला आठवेल ते त्याचं. जे गळेल ते बहुतेक तुमचं असेल, ते गळू द्या.

हे सगळीकडे लागू करू नका. रजेचा अर्ज, तक्रारअर्ज, कार्यालयाला लिहायचं पत्र, यांत ठरलेली भाषा असते आणि ती कुणा एकाची नसते. तिथे "विनंती" आणि "कृपया" असणारच, वाचणारा तिथे आवाज शोधत नाही. अडचण येते ती मधल्या जागी, रोज ज्यांच्याशी "सर, जरा उशीर होतोय" एवढंच बोलतो त्यांना अचानक "महोदय, अपरिहार्य कारणास्तव" गेलं की. तिथे एकच पायरी वर चढावं: "सर, आज अर्धा तास उशीर होईल. कळवायला उशीर झाला, सॉरी."

आता तुमच्या घरातलं. भावाने आणखी एक मेसेज लिहून घ्यायचा नाही, मी वर लिहिलेला तर नाहीच. तो तुम्हाला पद्धत दिसावी म्हणून आहे आणि त्यातली "आज रात्री" केव्हाच उलटून गेली आहे. त्याचा पहिला, ओबडधोबड मेसेज फोनमध्ये असेल तर त्याने तोच पाठवावा आणि वर फक्त खरं सांगावं, त्याच्या शब्दांत, म्हणजे साधारण "मला सुचत नव्हतं म्हणून ताईने लिहून दिलेलं. मी लिहिलेला हा होता." ही दोन वाक्यं कशी लिहायची हेही तुम्ही सांगू नका. मित्राने "थँक्यू" म्हटलंय ते तुम्हाला. त्याला राग आलाय तो भाऊ स्वतः समोर आला नाही याचा, त्या रात्रीही आणि दुसऱ्या दिवशीही. म्हणून मेसेज गेल्यावर उत्तराची वाट न बघता भावाने संध्याकाळी उठून त्याच्याकडे जावं आणि काका अजून हॉस्पिटलमध्ये असतील तर सकाळपर्यंत तिथे बसावं. तुम्ही मात्र सोबत जाऊ नका.